टाळीत बसलेली प्रार्थना

अंगणवाडीत दुपारी खिचडीची ताटं मांडली की पोरं मांडी घालून बसतात, हात जोडतात आणि एका सुरात 'वदनी कवळ घेता' सुरू होतं. परंपरा हा श्लोक समर्थ रामदासांच्या नावाने ओळखते. महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत, शाळांत आणि वसतिगृहांत जेवणाआधी तोच म्हटला जातो. त्याचा अर्थ मोठा आहे: घास घेताना हरीचं नाव घ्या, अन्नाला परब्रह्म माना, जेवण म्हणजे नुसतं पोट भरणं नसून ते यज्ञकर्म आहे. चार वर्षांच्या मुलाला यातलं फारसं काही कळत नाही. तरी ते श्लोक हौसेने म्हणतं, कारण त्याला अर्थाआधी चाल सापडलेली असते.

ही चाल मालिनी वृत्ताची. एका ओळीत पंधरा अक्षरं. पहिल्या ओळीची पहिली सहा अक्षरं ओळीने लघू आहेत, म्हणून जीभ धावत सुटते. (छापताना 'वदनी' असं लिहिलं, तरी म्हणताना 'नी' ऱ्हस्वच होतो.) मग दोन गुरू अक्षरं येतात, आठव्या अक्षरावर यती येतो आणि सगळा वर्ग एकदम थांबतो. उरलेली सात अक्षरं जरा संथपणे येतात. ही धाव आणि हा थांबा मुलांना फार आवडतो. पाठ नसलेलं पोरही थांब्यानंतरचा शेवटचा शब्द इतरांबरोबर मोठ्याने म्हणतं.

पण चार ओळींची मिळून साठ अक्षरं होतात, आणि त्यात जोडाक्षरंही बरीच आहेत. तीन वर्षांच्या मुलाचा 'र' अजून 'ल'च असतो, 'श्र' आणि 'ज्ञ' तर दूरच राहिले. शिवाय या वयाचं मूल मिनिटाला साधारण वीस ते तीस श्वास घेतं, म्हणजे दोन-तीन सेकंदांना एक. पंधरा अक्षरांची ओळ एका दमात म्हणायला गेलं की मधेच श्वास संपतो, आणि आपल्याला वाटतं की मूल विसरलं.

अशा मुलाला श्लोक शेवटाकडून शिकवावा. ओळ मोठ्यांनी म्हणायची आणि शेवटचा शब्द सोडून थांबायचं, तो मुलाचा. आठवडाभरात तो शब्द आपोआप येऊ लागला की यतीनंतरचा सगळा तुकडा त्याच्याकडे द्यायचा, आणि सुरुवात सर्वांत शेवटी. अशा शिकवण्यात मूल दर वेळी ओळखीच्या जागी पोचतं. सुरुवातीपासून शिकवलं तर पहिले दोन शब्द ठणठणीत आणि पुढे नुसती पुटपुट, असं होतं. मधे उच्चार दुरुस्त करायला थांबू नये. ठेका तुटला की मुलाचं लक्षही तुटतं, आणि 'ल'चा 'र' वय वाढेल तसा होतोच.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला तर श्लोकाची गरजही नसते, एखादा शब्द पुरतो. मुसलमान घरांत पहिल्या घासाआधी 'बिस्मिल्लाह' म्हणतात, ते एवढंसं पोर सहज उचलतं. वसई आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत मूल आधी हाताने क्रुसाची खूण करायला शिकतं, प्रार्थनेचे शब्द मागून येतात. आधी हात आणि मग तोंड, हा क्रम कुठल्याही घरात चालतो.

या दोन टप्प्यांच्या मधलं, म्हणजे तीन ते पाच वर्षांचं मूल घरात असेल, तर त्याच्यासाठी चार ओळी आपणच रचाव्यात. त्यासाठी कवी असावं लागत नाही, पण टाळी वाजवता आली पाहिजे. मराठी बालगीताचा सर्वांत सोपा साचा सोळा मात्रांचा आहे: एका ओळीत चार टाळ्या, एका टाळीला चार मात्रा. लघू अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. ओळीच्या मधे, आठ मात्रांनंतर, श्वासापुरती जागा राहते. छोट्या मुलाचा श्वास तेवढाच पुरतो.

जेवणासाठी पहिली ओळ अशी करून पाहू: 'वाटीत वरण, ताटात भात'. टाळ्या वाजवल्या की ती 'वाटी, तवरण, ताटा, तभात' अशी चार समान तुकड्यांत पडते. छान. आता हे अन्न पिकवणाऱ्याची आठवण हवी, म्हणून सुचतं: 'पेरले कुणी, राबले हात'. बोटांवर मोजलं तर सोळाच मात्रा भरतात. पण टाळी वाजवून म्हणा: दुसरी टाळी 'पेरले'मधल्या 'ले'च्या पोटात पडते आणि चौथी 'राबले'मधल्या 'ले'च्या. मोठा माणूस आवाज ओढून सांभाळून घेतो, मूल मात्र दर वेळी तिथेच अडखळतं. बेरीज बरोबर असली तरी चार-चारचे गट जुळले नाहीत, म्हणून हे होतं. ओळ बदलून 'मळले किति रे शेतात हात' केली, की टाळ्या 'मळले, किति रे, शेता, तहात' अशा सरळ पडतात. सगळं मिळून असं होतं:

वाटीत वरण, ताटात भात,
मळले किति रे शेतात हात.
कुणी न राहो आज उपाशी,
ये, बस, देवा, ताटापाशी.

सोळा टाळ्या झाल्या. सावकाश म्हटलं तरी पंधरा सेकंदांत संपतं, आणि भुकेल्या मुलाच्या धीराची मर्यादा साधारण तेवढीच असते. शब्द सगळे ताटातले आणि घरातले आहेत. देव इथे दूर आकाशात नाही, पाहुण्यासारखा पंगतीला बसतो आहे. ज्या घरात देवाचं नाव घेत नाहीत, तिथे 'देवा'च्या जागी 'दादा' किंवा 'ताई' चालेल, टाळी बिघडत नाही. भाताऐवजी भाकरी असेल, तर मात्र पहिली ओळ नव्याने जमवावी लागेल, कारण 'हात'शी यमक 'भात'चं जुळतं, भाकरीचं नाही.

रात्रीच्या प्रार्थनेचं काम उलटं असतं. जेवणाआधी मुलाला एका जागी आणायचं असतं, झोपताना त्याला सोडून द्यायचं असतं. म्हणून इथे टाळी नको, थोपटणं हवं. टाळीच्या जागी पाठीवर हात पडतो आणि दर ओळीला थोडा मंदावतो. आशयही जपून निवडावा. इंग्रजीतली एक प्रसिद्ध निजण्याची प्रार्थना अठराव्या शतकापासून 'न्यू इंग्लंड प्रायमर' या बालपुस्तकातून पिढ्यान्‌पिढ्या पाठ केली गेली. तिच्यात मूल म्हणतं की झोपेतच मरण आलं तर देवाने माझा आत्मा घ्यावा. पुढे अनेक पालकांनी त्या ओळी बदलून टाकल्या, ते बरंच झालं. अंधारात डोळे मिटायच्या क्षणी मुलाच्या मनात नवी भीती पेरायची नसते.

आपल्याकडचा जुना उपाय अधिक शहाणा आहे. राम, स्कंद, हनुमान, गरुड आणि भीम या पाच जणांना झोपताना आठवलं की वाईट स्वप्नं पळतात, असं सांगणारा एक संस्कृत श्लोक आजी मंडळींना येतो. तो अनुष्टुभात आहे, म्हणजे आठ-आठ अक्षरांचे चरण, मुलाच्या श्वासाला अगदी माफक. त्याची खरी युक्ती मात्र यादीत आहे. ओळखीची नावं एकेक करून घेतली की मुलाला आपण एकटे नाही असं वाटतं. आपल्या चार ओळींतही तीच युक्ती वापरता येते:

मिटले डोळे, निजला दिवा,
जवळी माझ्या बस रे देवा.
आई, बाबा, आजी, ताई,
झोपू सगळी, गा अंगाई.

पहिल्या ओळीच्या शेवटी 'दिवा'त एक मात्रा कमी आहे, ती मुद्दाम. तिथे आवाज खाली पडतो आणि हात जरा टेकतो. तिसरी ओळ म्हणताना मुलाचं एकेक बोट हळूच दाबायचं: करंगळीला आई, अनामिकेला बाबा, मधल्या बोटाला आजी, तर्जनीला ताई, आणि अंगठा मुलाचा स्वतःचा. नावं घरच्याप्रमाणे बदला, फक्त एक अट पाळा: नाव दोन गुरू अक्षरांचं हवं. दादा, मामा, काका, आबा, अण्णा हे सगळे टाळीत बसतात. मावशी पाच मात्रांची आणि आजोबा सहा मात्रांचे, म्हणून ते या ओळीत मावत नाहीत. त्यांना 'माऊ' आणि 'आबा' म्हणावं.

चारच नावं ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. यादीला शेवट नसेल तर मूल ती लांबवतं. आधी मामा येतो, मग पलीकडच्या इमारतीतलं मांजर, मग त्याची पिल्लं, मग पिल्लांची नावं. अर्धा तास जातो आणि मूल टक्क जागं. बोटं संपली की यादी संपली, हे मुलाला हातावरच दिसतं, त्यामुळे वाद होत नाही. मांजराला आणायचंच असेल, तर त्या रात्री कुणा एकाच्या जागी आणावं.

प्रार्थना बिघडल्याच्या खुणाही ओळखता येतात. मूल शब्द गिळत भरभर संपवत असेल, तर एक तर ती लांब झाली आहे किंवा ताट फार लवकर वाढलं आहे. म्हणून झाल्यावरच वाढून पाहा. पाहुण्यांसमोर 'म्हणून दाखव' असं दोनदा झालं की घरीही ते म्हणायला का-कू करतं, कारण आता त्याला ती परीक्षा वाटते. 'म्हटल्याशिवाय घास मिळणार नाही' हे तर कधीच बोलू नये. भुकेला मुलाविरुद्ध वापरलं, की ओळी पाठ होतात आणि मनातून उतरतात. ते गप्प बसलं, तर मोठ्यांनी आपलं म्हणून जेवायला लागावं. बहुतेक मुलं दोन-चार दिवसांत शेवटच्या शब्दाला परत येतात.

त्याच ओळी वर्षभर तरी बदलू नयेत. आपल्याला कंटाळा येतो, मुलाला येत नाही. पाच-सहा वर्षांचं झालं की ते स्वतःच नवे शब्द घालायला लागतं, वरणाच्या जागी पिठलं आणतं, आणि ते टाळीत बसलं नाही तर हसतं. कान तयार झाल्याची ती खूण. आता त्याला मालिनीची साठ अक्षरं शिकवायला हरकत नाही. यती कुठे येतो हे त्याला सांगावं लागणार नाही आणि अर्थ ते आपल्याला विचारेल.