पट्टा, पट्टी आणि पांढरी पूड

जुलैतली संध्याकाळ, ठाण्यातलं एक छोटं जिम. पंखे जोरात फिरत होते, पण हवा इतकी दमट की बारला हात लावला तरी तो ओलसर लागत होता. बाविशीतला एक मुलगा १२० किलोची डेडलिफ्ट मारत होता. कमरेला रुंद चामडी पट्टा, दोन्ही मनगटांतून निघून बारला गुंडाळलेल्या कापडी पट्ट्या, ज्यांना सगळे स्ट्रॅप म्हणतात. पाच रेप झाले, बार खाली आला आणि तो माझ्याकडे वळला. "दादा, हे सगळं काढलं की ९० किलोसुद्धा हातात राहत नाही. माझी पाठ कच्ची आहे की हात?"

प्रश्न नेमका होता. एकाच वेळी दोन साधनं अंगावर असली की कोणतं काय करतंय ते कळत नाही. म्हणून पुढच्या तीन-चार संध्याकाळी आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहिली.

सुरुवात कोऱ्या हातांनी केली. ७० किलो पाच वेळा सहज उचलले. ९० ला चौथ्या रेपला बार तळव्यातून बोटांच्या पेरांकडे घसरत गेला. मग त्याने बॅगेतून पावडरचा डबा काढला आणि मी त्याला थांबवलं, कारण तो टाल्कम पावडरचा होता. टाल्कने घर्षण कमी होतं. पॉवरलिफ्टिंगमध्ये ती मांड्यांना लावतात, बार मांडीवरून सरकावा म्हणून. हाताला हवा तो चॉक म्हणजे मॅग्नेशियम कार्बोनेट. फळ्यावर लिहायचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तोही इथे उपयोगाचा नाही. मॅग्नेशियम कार्बोनेट पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण घाम शोषून घेतं. त्वचा आणि लोखंड यांच्यामध्ये घामाचा पातळ थर आला की हात सरकतो, आणि तो थर काढून टाकणं एवढंच चॉकचं काम. चॉक जास्त झाला तर सुटी पूड बारीक वाळूसारखी मध्ये अडकते आणि पकड उलट बिघडते. म्हणून तळव्याला आणि अंगठ्याच्या आतल्या बाजूला पातळ हात फिरवायचा, उरलेला झटकून टाकायचा.

चॉक लावून त्याने १०० किलोचे पाच रेप काढले. ११० ला मात्र दुसऱ्याच रेपला करंगळी उघडली, मागोमाग अनामिका, आणि बार जमिनीवर आला. इथे दोन वेगळी अपयशं दिसतात. ९० ला बंद मुठीतून बार सरकला होता, तो घामाचा दोष. ११० ला मूठच उघडली, ती बोटांची ताकद संपल्याची खूण. चॉकने पहिलं दुरुस्त होतं, दुसरं होत नाही. म्हणूनच चॉकला मी कुबडी म्हणणार नाही. तो लावूनही प्रत्येक किलो बोटांनाच धरावा लागतो.

स्ट्रॅपचं तसं नाही. पट्टी मनगटाभोवती असते आणि तिचं शेपूट बारला गुंडाळलेलं असतं, म्हणून बराचसा भार बोटांना वगळून थेट मनगटावर जातो. १२० किलो म्हणजे एका हाताला ६० किलो. एवढं वजन हा मुलगा वर्षभर उचलत होता खरा, पण त्याच्या बोटांनी तेवढं कधी पेललंच नव्हतं. पाठ आणि पाय १२० पर्यंत पोचले, मूठ १०० वरच राहिली, कारण तिला तेवढं काम कधी मिळालंच नाही.

पण म्हणून स्ट्रॅप फेकून द्यावेत असं मुळीच नाही. रोमानियन डेडलिफ्टचा तिसरा सेट असतो मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी. ते दमण्याआधी बोटं सुटली तर सेट वाया गेला. तिथे पट्टी बांधणं रास्त आहे. त्याच्यासाठी नियम असा ठरवला: बोटं धरतील तिथपर्यंत प्रत्येक सेट चॉकवर, आणि त्यापुढच्या सेटलाच स्ट्रॅप. क्लीनला मात्र स्ट्रॅप नाहीच. त्यात कोपरं झटकन बारखाली फिरवावी लागतात, आणि लिफ्ट फसली की हात लगेच सोडवता यावा लागतो. बांधलेलं मनगट तिथे मोडू शकतं.

राहिला पट्टा. स्ट्रॅप तसेच ठेवून फक्त पट्टा काढला आणि बाजूने व्हिडिओ घेतला. १२० च्या तिसऱ्या रेपला कमर गोल होऊ लागली. मी त्याला तिथेच थांबवलं.

पट्टा पाठीला मागून टेकू देतो, असं बहुतेकांना वाटतं. खरं काम पोटाकडून होतं. कमरेच्या पाच मणक्यांभोवती बरगड्यांचा पिंजरा नसतो. खोल श्वास घेऊन रोखला आणि पोटाचे स्नायू आवळले, की पोटातला दाब वाढतो आणि धड हवा भरलेल्या फुटबॉलसारखं ताठ होतं. पट्टा ही त्या पोटाला रेटायला मिळालेली भिंत आहे. भिंत असली की दाब आणखी चढतो, आणि वजनही थोडं जास्त उठतं. पाठीचे स्नायू त्या वेळी झोपत नाहीत, तेही राबत असतात.

या मुलाने पट्टा इतका करकचून बांधला होता की पोट आत ओढलं गेलं होतं आणि श्वास छातीत भरत होता. हे ओळखायला सोपं आहे: श्वास घेताना त्याचे खांदे वर जात होते. पट्टा काढून मी त्याला बरगडी आणि नितंबाच्या हाडामधल्या मऊ जागेत दोन्हीकडे अंगठे रोवायला सांगितले. श्वासाने ते अंगठे बाहेर ढकलले गेले पाहिजेत. पहिल्या दिवशी हललेच नाहीत. चौथ्या दिवशी हलले. मग पट्टा एक भोक सैल करून तोच श्वास पट्ट्यावर रेटायला शिकवला.

पट्टा काढल्यावर वजन थोडं उतरलं तर काळजी नाही, ते अपेक्षितच आहे. पण बेताच्या वजनालाही पाठीचा आकार मोडू लागला, तर पट्टा श्वासाची उणीव झाकतोय असं समजावं. म्हणून हलके सेट पट्ट्याविना, आणि आपल्या कमाल वजनाच्या साधारण ८० टक्क्यांपुढे पट्टा. बायसेप्स मारताना किंवा ट्रेडमिलवर तो कमरेला असण्याचं कारणच नाही. पट्ट्याने दुखापत टळते, हा भरवसाही कुणी धरू नये. अमेरिकेच्या निऑश या संस्थेने १९९४ मध्ये कामगारांच्या कमरपट्ट्यांचा आढावा घेतला, तेव्हा निरोगी माणसाची पाठ त्याने वाचते असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही, असाच निष्कर्ष निघाला.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रोखलेल्या श्वासाने रक्तदाब भयंकर चढतो. १९८५ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून तो मोजला, तेव्हा दोन पायांच्या जड लेग प्रेसमध्ये सरासरी ३२०/२५० भरला. ज्यांना रक्तदाब किंवा हर्निया आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये, पट्टा असो वा नसो.

दहा आठवड्यांनी, सप्टेंबरच्या शेवटी, त्याने नुसत्या चॉकवर ११५ किलोचे पाच रेप काढले. दिवाळीनंतर तो पॉवरलिफ्टिंगच्या जिल्हा स्पर्धेत उतरणार आहे. तिथे १० सेंटिमीटरपर्यंत रुंद पट्टा चालतो, चॉक चालतो, स्ट्रॅप चालत नाही. म्हणून आता तो अंगठा बारला लावून त्यावर बोटं आवळायची हुक ग्रिप शिकतोय. परवा त्याने मला अंगठे दाखवले. दोन्ही लालबुंद झाले होते, आणि करंगळीच्या मुळाशी पहिला घट्टा पडला होता.