ड्यूटी लिस्टमधली अदलाबदल

सरकारी रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात मी बरीच वर्षं इन्चार्ज सिस्टर होते. दर शनिवारी पुढच्या आठवड्याची ड्यूटी लिस्ट लावायची, हे माझं काम. त्यामुळे रजेचे अर्ज आधी माझ्याच टेबलावर येत. बहुतेक अर्जांत मजकूर एवढाच असे: ‘घरगुती कारणासाठी तीन दिवसांची रजा मिळावी, माझी ड्यूटी अमुक सिस्टर करतील.’ असा अर्ज वाचला की माझ्या पोटात गोळा यायचा, कारण त्या एका वाक्याखाली काय काय दडलंय, ते मलाच शोधून काढावं लागायचं.

आमच्याकडे मॉर्निंग आठ ते दोन, इव्हिनिंग दोन ते आठ आणि नाइट रात्री आठ ते सकाळी आठ. मॉर्निंगला चार सिस्टर, इव्हिनिंगला दोन, नाइटला दोन. ठरलेली ऑपरेशनं सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी. हे आकडे इथेच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा हिशेब त्यांच्यावर चालतो.

माझ्या वॉर्डातली एक सिस्टर मूळची कोकणातली. तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं: शुक्रवारी रात्री हळद, शनिवारी लग्न, रविवारी पूजा. गाव घाट उतरून चार तासांवर. तिने शुक्रवार, शनिवार, रविवार असा तीन दिवसांचा अर्ज लिहून आणला. मी तिला म्हटलं, ‘बाई, दिवस मोजू नकोस, ड्यूट्या मोज.’ त्या आठवड्यात तिला इव्हिनिंग होती आणि रविवार तिचा ऑफ. म्हणजे रविवार मागण्याचा प्रश्नच नव्हता. शुक्रवारची आणि शनिवारची इव्हिनिंग, एवढ्या दोनच जागा भरायच्या होत्या.

तिने दोघींशी बोलून ठेवलं होतं. एक तिची जिवाभावाची मैत्रीण. तिचा साप्ताहिक ऑफ शनिवारी असायचा. ‘मी माझा ऑफ सोडते, तू मला तुझा पुढचा रविवार दे,’ असं दोघींनी ठरवलं होतं. एका ऑफला एक ऑफ, हिशेब सरळ वाटतो. मी कॅलेंडर उघडून तिच्यापुढे ठेवलं. मैत्रिणीचा आधीचा ऑफ सहा तारखेला झालेला, तेरा तारखेचा ती सोडणार आणि त्यानंतरचा तिचा ऑफ वीस तारखेला. म्हणजे सात ते एकोणीस, सलग तेरा दिवस ड्यूटी. आणि पुढचा रविवार मैत्रिणीला दिला की लग्नाहून परतलेल्या हिलाही तसेच तेरा दिवस. नवव्या-दहाव्या दिवशी सिस्टरच्या हातून काय होतं, ते मी पाहिलंय. आयव्ही संपून नळीत रक्त चढलेलं असतं आणि ती शेजारच्याच कॉटपाशी उभी असून तिला ते दिसत नाही. म्हणून ऑफच्या बदल्यात ऑफ हा व्यवहार मी होता होईल तो टाळत असे.

दुसरी सिस्टर शनिवारी सकाळी आठला नाइट संपवून घरी जाणार होती. ‘चार तास झोपते नि दोनला येते,’ असं ती अगदी मनापासून म्हणाली होती. तिला मी तिथेच नाही म्हटलं. बारा तासांची नाइट करून आलेल्या बाईला सहा तासांनी पुन्हा औषधांच्या ट्रॉलीपाशी उभं करणं म्हणजे पेशंटशी आणि तिच्याशीही अन्याय. तिची कितीही तयारी असली तरी ही अदलाबदल होऊ शकत नाही.

मग शुक्रवार कसा सुटला? त्या दिवशी मॉर्निंगला असलेल्या एकीने इव्हिनिंग करायची आणि हिने तिची मॉर्निंग. गुरुवारी रात्री आठला सुटून शुक्रवारी सकाळी आठला परत, म्हणजे मध्ये बारा तासांची विश्रांती. ऑपरेशनच्या दिवशी मॉर्निंगच्या चारही जणी हजर, कुणाचाच ऑफ मोडला नाही आणि ही दोनला ओव्हर देऊन थेट एसटी स्टँडवर. अदलाबदलीत मला हीच जात सगळ्यात आवडते: एकाच दिवशीची पाळी, एकमेकींच्या जागेवर. फेडायला काही उरत नाही.

शनिवारी ऑपरेशनं नसत, त्यामुळे मॉर्निंग तिघींवर निभते. इव्हिनिंग मात्र एकीवर निभत नाही. एक जण पेशंटला घेऊन एक्स-रेला गेली की वॉर्ड उघडा. म्हणून शनिवारची एक मॉर्निंगवाली इव्हिनिंगला वळवली आणि हिने त्या दिवसाची एक नैमित्तिक रजा टाकली. वळवताना मी आणखी एक गोष्ट पाहिली. इव्हिनिंगची दुसरी सिस्टर अगदी नवी होती, ड्रेन आणि ड्रेसिंगचा हात अजून बसायचा होता. म्हणून जुनी जाणतीच निवडली. दोघी नव्या एकत्र पडल्या तर कागदावर दोन दिसतात, वॉर्डात दीडच असते.

तीन दिवसांच्या अर्जाची अखेर एक सी.एल. झाली. नवा अर्ज तिने असा लिहिला:

‘मा. अधिसेविका यांस, परिसेविका, सर्जिकल वॉर्ड यांच्यामार्फत. विषय: एक दिवसाची नैमित्तिक रजा व पाळीबदल. महोदया, बहिणीच्या विवाहासाठी शनिवार दि. 13 रोजी एक दिवस नैमित्तिक रजा मिळावी. शुक्रवार दि. 12 रोजी माझी दुपारची पाळी श्रीमती क करतील व त्यांची सकाळची पाळी मी करेन. शनिवारी माझ्या जागी दुपारी श्रीमती ड येतील. त्या दिवशी सकाळी तीन परिचारिका राहतील. रविवार दि. 14 ही माझी साप्ताहिक सुट्टी आहे. दि. 12 रोजी दुपारी ड्यूटी संपल्यापासून दि. 14 पर्यंत मुख्यालय सोडण्याची परवानगी असावी. सोमवारी दि. 15 रोजी हजर होईन. दोघींची संमती खाली सहीनिशी जोडली आहे.’

यातली मुख्यालय सोडण्याची ओळ बहुतेक जणी विसरतात. सुट्टी आपली असली तरी सरकारी नोकरीत गाव सोडायला परवानगी लागते. आणि वळवल्यामुळे सकाळी किती जणी उरतील, हे अर्जदारानेच लिहिलं की मेट्रनना लिस्ट मागवून बसावं लागत नाही. अर्ज खालूनच परत येण्याचं कारण बहुधा तिथेच असतं.

सह्यांबद्दल मी इतकी आग्रही का, ते सांगते. मी नवीन असताना, एका दुसऱ्या रुग्णालयात, दोघींनी इव्हिनिंग तोंडी बदलली होती. येणारीच्या मुलाला दुपारी ताप भरला. तिला वाटलं, लिस्टवर आपलं नाव नाही, म्हणजे पहिली जाईलच. पहिली तोवर गाडीत बसली होती. दोन वाजता ओव्हर घ्यायला मी एकटीच आणि वॉर्ड भरलेला. त्या सकाळी पोटाचं ऑपरेशन झालेले आजोबा कण्हत होते. त्यांची लघवीची पिशवी कुणी मोजायची, हे मला संध्याकाळपर्यंत सुचलंच नाही. हजेरीपटावर गैरहजेरी लागली ती लिस्टवर नाव असलेलीच्या नावापुढे.

तेव्हापासून माझ्या लिस्टवर प्रत्येक बदल लाल पेनाने, जुनी पाळी वाचता येईल अशी एकच रेघ मारून, बाजूला दोघींच्या आणि माझी अशा तीन सह्या. ज्या क्षणी तिसरी सही होते, त्या क्षणापासून ती पाळी नव्या नावाची. तिचं मूल आजारी पडलं तर तिने मला फोन करायचा, मैत्रिणीला नव्हे. अर्ज गुरुवारपर्यंत हातात हवा, कारण शनिवारी लिस्ट लागली की प्रत्येक बदलाला आणखी दोघींची आखलेली कामं मोडतात.

एकाएकी ओढवलेल्या आजारपणात यातलं काहीच जमत नाही आणि जमवू पाहूही नये. घरात माणूस दवाखान्यात नेताना बदली शोधत चार फोन फिरवणाऱ्या मुली मी पाहिल्यात. अशा वेळी एकच फोन, इन्चार्जला. माणूस शोधणं हे मग तिचं काम.