चार दृश्ये की रोहिणीचे पाणी?

नववीच्या वर्गाला 'गौतम बुद्ध : जीवन आणि शिकवण' हा वीस गुणांचा निबंध दिला आहे, असे समजा. एका मुलीने लिहिले : म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहून सिद्धार्थाने मध्यरात्री घर सोडले. एका मुलाने लिहिले : रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलियांत तंटा पेटला, सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, म्हणून त्याला घर सोडावे लागले. गुण कोणाला द्यायचे?

दोघांनाही. पहिली कथा जुन्या चरित्रांतून घरोघरी पोचली. दुसरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातली, महाराष्ट्रातल्या असंख्य बौद्ध घरांत वाचली जाणारी. पालीतल्या अरियपरियेसन सुत्तात बुद्ध स्वतः गृहत्याग सांगतात तेव्हा आईवडील रडत आहेत; तिथे चार दृश्येही नाहीत, मध्यरात्रही नाही. म्हणून गुणदान योजनेत 'चार दृश्यांचा उल्लेख : 2 गुण' असे लिहिले, की तो मुलगा घरी शिकलेल्या गोष्टीसाठी गुण गमावतो. त्याऐवजी लिहावे : 'गृहत्यागाचे कारण दिले आहे आणि ते कुठल्या परंपरेतले आहे ते सांगितले आहे.'

वीस गुण मी असे वाटेन : जीवन 5, शिकवण 6, दोहोंतला संबंध 6, मांडणी आणि भाषा 3. संबंधाला इतके वजन का? कारण पाठांतर नेमके इथेच उघडे पडते. अष्टांगिक मार्गाची आठही नावे बिनचूक लिहिणाऱ्याला शिकवणीचे 3 गुण मिळतील. सम्यक वाणी म्हणजे रोजच्या वागण्यात काय, हे उदाहरणाने सांगितले तर आणखी.

संबंधाच्या पायऱ्या शब्दांत लिहून ठेवाव्यात. चरित्र एका परिच्छेदात, शिकवण दुसऱ्यात आणि मध्ये काहीच दुवा नसेल तर 1-2. 'त्यांच्या अनुभवातून शिकवण घडली' एवढेच मोघम म्हटले असेल तर 3-4. पण कुणी असे लिहिले की, वर्षानुवर्षे उपाशी राहून देह झिजवला तरी ज्ञान मिळाले नाही, म्हणूनच सारनाथच्या पहिल्या उपदेशात त्यांनी चैन आणि देहदंड ही दोन्ही टोके सोडायला सांगितली, तर 5-6.

'जगाचे तारणहार', 'अद्वितीय महामानव' अशा विशेषणांना गुण नाहीत, आणि त्यासाठी गुण कापूही नयेत. विद्यार्थ्याची श्रद्धा हा परीक्षेचा विषय नाही. जन्मसालाबद्दल अभ्यासकांतच मतभेद आहेत, तेव्हा सालावरून गुण कापणेही चुकीचे.

गठ्ठा वाटून घेण्याआधी दोन्ही परीक्षकांनी त्याच चार-पाच उत्तरपत्रिका एकमेकांना न दाखवता तपासाव्यात. एखाद्या निकषात दोन गुणांहून जास्त फरक पडला, तर बहुतेक वेळा त्या पायरीचे शब्द संदिग्ध असतात. ते सुधारावेत, त्या उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात आणि मगच उरलेला गठ्ठा उघडावा.