आभाराच्या भाषणात तारखा हव्यात

2021-22 चा गळीत हंगाम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांना सहज विसरता येणार नाही. शिवारात ऊस इतका होता, की काही ठिकाणी गव्हाण जूनपर्यंत चालू राहिली. राज्यात सुमारे 137 लाख टन साखर तयार झाली. उन्हाळ्यात उतारा घसरतो, म्हणून मेपासून गाळलेल्या उसासाठी सरकारने टनामागे 200 रुपये अनुदान दिलं. शेतात उभ्या राहिलेल्या उसाची काळजी सगळ्यांनी केली. त्याच उन्हात बॉयलरसमोर उभं राहणाऱ्या फायरमनच्या बुडालेल्या सुट्ट्यांचाही हिशेब असतो, आणि तो हंगामाच्या सांगतेला जाहीरपणे मांडला गेला पाहिजे.

त्या दिवशी मिल हाऊससमोर मांडव पडतो, हार होतात, जनरल मॅनेजर बोलायला उभे राहतात. "तुमच्यामुळेच हा हंगाम पार पडला" हे वाक्य खरं असतं, पण तेवढ्याने भागत नाही. पुढचं वाक्य असं हवं: "मित्रांनो, मे महिन्यात ज्यांची साप्ताहिक सुट्टी गेली, त्यांना तेवढ्याच पगारी सुट्ट्या 31 जुलैच्या आत मिळतील. कोणाला कोणत्या तारखेला, याची यादी टाइम ऑफिसबाहेर लावली आहे. नाव चुकलं असेल तर आजच सांगा."

31 जुलै ही तारीख मॅनेजरांच्या मर्जीतली नाही. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 53 नुसार, सवलतीच्या आदेशामुळे कामगाराची साप्ताहिक सुट्टी बुडाली, तर तितक्याच बदली सुट्ट्या त्याच महिन्यात किंवा लगतच्या दोन महिन्यांत द्याव्या लागत. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या कामगार संहितेतही ही मुदत कायम आहे. 'पगारी' हा शब्द मात्र मॅनेजरांनी आवर्जून उच्चारावा. कलम 53 सुट्टी देत होतं, त्या दिवसाच्या मजुरीबद्दल काही बोलत नव्हतं. रोजंदारीवरच्या माणसाची सुट्टी बिनपगारी ठरली, तर तो ती घ्यायलाच कचरेल.

एका फिटरचा हिशेब धरू. मूळ वेतन आणि भत्ते मिळून त्याला आठ तासांचे 800 रुपये पडतात, म्हणजे तासाला 100. मे महिन्यात त्याच्या चार साप्ताहिक सुट्ट्या बुडाल्या आणि त्या चारही दिवशी त्याने आठ तास काम केलं. आठवड्याच्या 48 तासांवरचं हे काम, म्हणून दर दुप्पट: 32 तासांचे 6400 रुपये. बऱ्याच जणांना वाटतं की इथे देणं संपलं. तसं नाही. ओव्हरटाइमची रक्कम हे एक देणं, चार दिवसांची विश्रांती हे दुसरं. पहिलं फेडल्याने दुसरं फिटत नाही.

जादा कामालाही मर्यादा होती. कामाचा अपवादात्मक ताण असताना सूट मिळाली, तरी मूळ कायद्यात ओव्हरटाइमसह आठवड्याला 60 तास आणि तिमाहीत 75 तास ओव्हरटाइम एवढीच मुभा होती. आठवड्याला बारा तास जादा धरले, तर सहा आठवड्यांत 72 तास भरतात. हंगाम त्यापुढे लांबला, तर जुन्याच माणसांना ताणण्याऐवजी बदली कामगार आणावे लागतात. वजनकाट्यावरच्या नोंदी आणि हजेरीपत्रक जुळत नसेल, गाळप तेवढंच आणि कागदावर तास मात्र कमी दिसत असतील, तर कुठेतरी तास लपवले आहेत असं समजावं.

सांगतेनंतरचा पेच मला सर्वांत मोठा वाटतो. गाळप थांबताच दुरुस्ती सुरू होते. मिलचे अवजड रोलर क्रेनने उचलायचे, बॉयलरच्या नळ्या तपासायच्या, इव्हॅपोरेटरच्या आत उतरून साका काढायचा. बंदिस्त जागेत हवा तपासल्याशिवाय उतरणं जिवावर बेततं, आणि नेमकी अशी पायरी थकलेला माणूस विसरतो. म्हणून मॅनेजरांनी पुढे असंही सांगावं: "फिटर आणि वेल्डर यांना पहिल्याच आठवड्यात दोन-दोन सुट्ट्या आहेत. रोलर त्यानंतर उचलू." दुरुस्ती आठवडाभर पुढे गेली तरी पुढचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू व्हायचा असतो, तेवढी सवड असते.

हंगामी कामगारांचं काय? गाळप संपलं की त्यांची हजेरीच थांबते, मग जुलैमधली सुट्टी त्यांच्या काय कामाची? राज्यांच्या कारखाने नियमांत यावर उपाय आहे: कामावरून कमी करण्याआधीच बदली सुट्टी द्यायची आणि ती नोटिशीच्या मुदतीत धरायची नाही. म्हणजे त्यांच्या सुट्ट्यांचं वेळापत्रक सांगतेच्या दिवशी करून उपयोगाचं नाही. शेवटचा ऊस गव्हाणीत पडायच्या काही आठवडे आधीच ते टाइम ऑफिसबाहेर लागलेलं असायला हवं.