मैफलीच्या चार ओळी

वर्तमानपत्राच्या 'आजचे कार्यक्रम' या सदरात किंवा नाट्यगृहाच्या फलकावर शास्त्रीय मैफलीची सूचना फार तर चार ओळींची असते. गायकाचे नाव, साथीदार, स्थळ, वेळ आणि प्रवेशिकांबद्दल एक वाक्य, एवढाच मजकूर. नेहमी मैफलींना जाणारा श्रोता त्यावरून बरेच काही ओळखतो: आज काय ऐकायला मिळेल, किती वाजता निघायचे, चटई बरोबर घ्यायची की नाही. नवखा मात्र नेमका तिथेच अडखळतो आणि 'आपल्याला त्यातले काही कळत नाही' म्हणून घरीच थांबतो. म्हणून या चार ओळीच आधी नीट वाचायला शिकू. उदाहरणाला पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव घेऊ, कारण या ओळींमधला जवळजवळ प्रत्येक शब्द तिथे मोठ्या आकारात पाहायला मिळतो.

सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर. ते १९५२ मध्ये गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे शिष्य पंडित भीमसेन जोशी यांनी गुरूच्या स्मरणार्थ हा महोत्सव सुरू केला. आर्य संगीत प्रसारक मंडळ तो भरवते. दर डिसेंबरला पाच दिवस गायन, वादन आणि अधूनमधून नृत्य चालते. पुण्यात नुसते 'सवाई' म्हटले तरी पुरते.

पहिली ओळ शैलीची. नुसते 'शास्त्रीय गायन' लिहिलेले असेल, तर महाराष्ट्रात त्याचा अर्थ बहुतेक वेळा ख्याल असाच असतो. 'उपशास्त्रीय' म्हटले की ठुमरी, दादरा, कजरी. 'शास्त्रीय व नाट्यसंगीत' म्हटले की आधी राग आणि शेवटाकडे नाट्यपदे. ध्रुपद असेल तर आयोजक तसे स्पष्ट लिहितात, आणि साथीला तबल्याऐवजी पखवाज दिसतो. घराण्याचा उल्लेख असेल तर तोही कामाचा असतो. किराण्याचा गायक एकेका स्वरावर रेंगाळत आलापी करील, जयपूरचा गायक जोडराग किंवा अनवट राग काढण्याची शक्यता जास्त, आणि आग्र्याच्या गाण्यात नोमतोम व बोलांशी लयीचा खेळ ऐकू येईल. हे काही कायदे नव्हेत. आजचे बरेच गायक दोन-तीन घराण्यांतून शिकलेले असतात. तरी अंदाज बांधायला एवढे पुरेसे असते.

सूचनेत राग मात्र कधीच नसतो. कोणता राग गायचा हे गायक त्या दिवशी, काही वेळा मंचावर तानपुरे जुळत असताना ठरवतो. मग श्रोत्याने काय करायचे? वेळ पाहायची. आपल्याकडे राग प्रहराला बांधलेले आहेत. दुपारी तीन-साडेतीनला बसणारा कलाकार बहुधा मुलतानी, भीमपलासी किंवा पटदीप निवडतो. दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री. त्यानंतर यमन. रात्र चढली की बागेश्री, मालकंस, दरबारी. 'सवाई'त एखादे सत्र भर दुपारी सुरू होते तेव्हा सारंगाचे प्रकार हमखास ऐकू येतात. एरवीच्या संध्याकाळच्या मैफलींत ते वाट्याला येत नाहीत. म्हणजे सूचनेतली वेळ ही रागांची यादीच असते, फक्त ती उलगडावी लागते.

यामुळेच वेळेचा एक नियम आपल्या ऐकण्यावर फार परिणाम करून गेला. पूर्वी हा महोत्सव रात्रभर चाले आणि शेवटचा कलाकार पहाटेचे राग गाऊन उठे. २००० साली केंद्र सरकारचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक लावायला बंदी झाली. वर्षातले ठरावीक दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकते. म्हणून मंडपातल्या मैफलीच्या सूचनेत 'रात्री १० पर्यंत' आणि एखाद्याच दिवशी 'रात्री १२ पर्यंत' असे दिसते. बंदिस्त सभागृहाला ही बंदी तशी लागू नाही. त्यामुळे खाली स्थळ म्हणून सभागृह असेल तर उशिराची मैफल शक्य असते, मैदान असेल तर नसते. ललत, तोडी, भैरव ऐकायचे असतील तर आता वेगळी 'प्रातःकालीन मैफल' शोधावी लागते. माझ्या मते हे नुकसानच आहे; पण मंडपाशेजारी झोपणाऱ्या माणसाचीही बाजू आहे.

वेळेवरून आणखी एक हिशोब करता येतो. तीन ते दहा म्हणजे सात तास. त्यात चार कलाकार असतील तर मंच बदलणे, वाद्ये जुळवणे आणि सत्कार वजा जाता एकेकाला साधारण दीड तास मिळतो. विलंबित एकतालाचे बारा मात्रांचे एक आवर्तन संथ लयीत पाऊण ते एक मिनिट घेते. चाळीस-पन्नास मिनिटांच्या बड्या ख्यालात समेवर येण्याचे क्षण पन्नासच्या आसपास असतात. नवख्या श्रोत्याला 'अजून तेच चालले आहे' असे वाटते ते याच टप्प्यात. एका कलाकाराची मैफल असेल तर रचना निराळी असते: मध्यंतरापूर्वी एक मोठा राग, मध्यंतरानंतर दुसरा, मग एखादे नाट्यपद, ठुमरी किंवा अभंग आणि शेवटी भैरवी. पहिल्यांदाच जाणाऱ्याने एका कलाकाराची मैफल निवडावी. महोत्सवात चौथ्या गायकापर्यंत कान थकतात, आणि दोष गायकाला मिळतो.

स्थळाच्या ओळीत नुसते नाव असते, पण त्यात बरेच दडलेले असते. हा महोत्सव वर्षानुवर्षे रमणबागेत, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलच्या मैदानावर होई. पेठांतले लोक चालत येत. २०१८ पासून तो मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला. जागा मोठी मिळाली, वाहनांची सोय झाली, आणि पेठेतल्या म्हाताऱ्या श्रोत्याला रिक्षा करावी लागली. मंडपात आवाज पूर्णपणे ध्वनिवर्धकावर अवलंबून असतो आणि मागे बसलेल्यांना गायक पडद्यावरच दिसतो. याच्या दुसऱ्या टोकाला मुंबईच्या एनसीपीएतले टाटा थिएटर. १९८० मध्ये उघडलेल्या या सभागृहाची रचना फिलिप जॉन्सन यांची आणि ध्वनीची आखणी सिरिल हॅरिस यांची. साधारण हजार श्रोत्यांना ध्वनिवर्धकाशिवाय ऐकू जावे, असा त्यामागचा हेतू होता. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा तो भरलेला गुंजारव, अशा ठिकाणी कानावर पडतो. मंडपात तो स्पीकरमधून जेवढा सुटेल तेवढाच.

आता बसण्याबद्दल. 'भारतीय बैठक' म्हणजे जमिनीवर सतरंजी किंवा गादी, आसनक्रमांक नाही, जो आधी येईल तो पुढे बसेल. 'सवाई'त भारतीय बैठक आणि खुर्च्या असे वेगळे विभाग असतात, आणि बैठकीचे तिकीट स्वस्त असते. बैठकीत गर्दी झाली की लोक सरकून घेतात, खुर्चीत तसे होत नाही. चपला ठेवायला एक पिशवी आणि कडेने बसायला अंगावर घ्यायचे काही, एवढे बरोबर असावे. डिसेंबरात मंडपाच्या कडेला गारठा असतो. गुडघे दुखत असतील तर 'पुढे बसायला मिळेल' या मोहात बैठकीचे तिकीट काढू नये. दीड तासाने उठता येत नाही, आणि मध्येच उठणारा सगळ्यांच्या आड येतो.

कुठे बसावे, हेही जरा सांगतो. गायनाच्या मैफलीत बहुधा तबलजी गायकाच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रोत्याच्या डावीकडे असतो, आणि संवादिनी उजवीकडे. तबलजीचे हात पाहायचे तर डावीकडे बसावे. गाणे तोलून ऐकायचे तर मधोमध, पाच-सहा रांगा सोडून. स्पीकरच्या अगदी समोर बसलेल्या माणसाला एकाच बाजूचा कर्कश आवाज ऐकावा लागतो. ती जागा रिकामी दिसली तर रिकामी का आहे ते आधी बघावे.

शेवटची ओळ तिकिटांची, आणि घोटाळे इथेच होतात. 'प्रवेश विनामूल्य' आणि 'विनामूल्य प्रवेशिका आवश्यक' यांत फरक आहे. पहिल्यात थेट जायचे, दुसऱ्यात आधी कागद मिळवायचा, आणि तो बहुधा आदल्या दोन-तीन दिवसांत ठरावीक तासांतच मिळतो. 'देणगी प्रवेशिका' हे तिकीटच, फक्त पैसे संस्थेच्या कामाला जातात असे त्यात सुचवलेले असते. 'काही जागा राखीव' हे वाक्य साधे दिसते, पण त्या 'काही' जागा बऱ्याचदा पहिल्या चार रांगा असतात. महोत्सवात 'सीझन तिकीट' पाचही दिवसांचे असते आणि रोजचे तिकीट वेगळे. दोनच दिवस जायचे असेल तर दोन्हींचा हिशोब घालून पाहावा. अनेक आयोजक तिकीट पाचशे रुपयांवर का नेत नाहीत, याचे एक कारण कराचे आहे: जीएसटीत माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या मैफलीच्या तिकिटाला सूट आहे, त्यावर गेले की कर लागतो.

आता एक नेहमीची सूचना घेऊ. 'रसिकांसाठी सुमधुर गायनाची अविस्मरणीय पर्वणी. रविवारी सकाळी. काही जागा राखीव. बहुसंख्येने उपस्थित राहावे.' यातून श्रोत्याला रविवार एवढेच कळते. गाणे व्हायचे आहे, आणि ते अविस्मरणीय आधीच ठरले आहे! तेवढ्याच जागेत असे लिहिता येते: 'शास्त्रीय गायन (ख्याल), शेवटी नाट्यपदे. तबला व संवादिनी साथ. रविवार, सकाळी ९ ते १२, मध्यंतर १५ मिनिटे. सभागृह पहिल्या मजल्यावर, लिफ्ट आहे. पुढे भारतीय बैठक, मागे खुर्च्या, आसनक्रमांक नाहीत. पहिल्या दोन रांगा राखीव, ८.५५ नंतर सर्वांना खुल्या. देणगी प्रवेशिका ३०० रुपये, सभागृहावर शनिवारी सायंकाळी ५ ते ८ आणि रविवारी ८ पासून.' विशेषण एकही नाही, आणि गुडघेदुखीच्या आजींपासून सकाळचे राग शोधणाऱ्या विद्यार्थ्यापर्यंत ज्याला त्याला आपापले उत्तर मिळते.

आयोजकांना एवढीच विनंती: आणखी काही नाही तरी मैफल किती वाजता संपेल, हे छापा. भैरवी सुरू असताना शेवटच्या बससाठी उठणाऱ्या माणसाला गाण्याची आवड नसते असे नाही. त्याला वेळ कुणी सांगितलेली नसते.