पडताना कोणी पाहिलं?

‘सकाळी ११.२०च्या सुमारास महिला कामगार घाईत चालत असताना ओल्या फरशीवरून पाय घसरून पडली. तिने गमबूट घातले नव्हते. कारण : कामगाराचा निष्काळजीपणा.’

कारखान्याच्या अपघात नोंदवहीत अशा ओळी सर्रास असतात आणि वाचताना त्यांत काही खटकतही नाही. उदाहरण म्हणून धरू या, की या ओळी कोकणात आंब्याचा पल्प काढणाऱ्या एका कारखान्यातल्या आहेत. मे महिना, हंगाम ऐन भरात. धुण्याच्या टाकीतले हापूस प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये काढायचे आणि सात-आठ मीटरवरच्या कापणीच्या टेबलाशी नेऊन ठेवायचे, हे काम. आता या अहवालातल्या एकेका शब्दाला विचारायचं, की बाबा रे, तुला कोणी पाहिलं आणि कुठून?

टाकीवरच्या ताईंची पाठ होती. त्यांनी क्रेट आदळल्याचा आवाज ऐकला आणि वळून पाहिलं, तोवर मावशी जमिनीवर होत्या. टेबलापाशी दोघी होत्या, पण मध्ये खांब. सुपरवायझर आरडाओरडा ऐकून नंतर आले, आणि अहवाल लिहिला तो त्यांनीच. म्हणजे पाय घसरताना या चौघांपैकी कोणीही पाहिलेलं नाही. खुद्द मावशी सांगतात, ‘‘क्रेट पोटाशी धरला होता, खालचं काय दिसणार? डावा पाय एकदम पुढे सटकला आणि मी मागे पडले.’’ पाय पुढे सटकला, हा त्यांचा अनुभव; तो जसाच्या तसा लिहायचा. पण कशावरून सटकला, हे त्यांनीही पाहिलेलं नाही. पुढे त्या ‘पाण्यावरूनच असणार’ म्हणाल्या, तर तो त्यांचा अंदाज आहे.

तरी त्या अनुभवाला किंमत आहे. पुढे टाकलेली टाच निसटली, की माणूस बहुधा मागे किंवा बाजूला पडतो आणि सावरायला हात टेकतो. पाय कशात अडकला, तर तो पुढे तोंडावर जातो. डॉक्टरांच्या कागदावर उजव्या मनगटाचं हाड मोडल्याची आणि उजव्या कमरेला मुका मार लागल्याची नोंद आहे. घसरण्याशी हे जुळतं. जुळतं म्हणजे सिद्ध होतं असं नव्हे. म्हणून अहवालात ‘जुळतं’ एवढंच लिहावं.

आता ‘ओली फरशी’. सगळ्यांत निर्धास्तपणे लिहिलेला शब्द हाच, आणि सगळ्यांत जास्त गफलतही याच शब्दात आहे. सुपरवायझर आले तेव्हा फरशी ओली होती, यात वाद नाही. पण मावशींच्या हातात नुकत्याच धुतलेल्या आंब्यांचा निथळता क्रेट होता आणि तो तिथेच उपडा झाला. वर कोणीतरी त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. दिसलेलं पाणी पडण्याआधीचं किती आणि नंतरचं किती? पडल्यानंतरच्या फोटोवरून हे कधीच कळणार नाही. त्यासाठी पडण्याआधी तिथून गेलेलं माणूस शोधावं लागतं. फरशीच्या उतारावर मगभर पाणी ओतून ते गटाराच्या जाळीकडे जातं, की वाटेत साचतं, हे पाहावं लागतं. जिथे साचतं ती जागा खडूने आखून टाकीपासूनचं अंतर टेपने मोजायचं. मग ‘टाकीपासून तीन मीटरवर ओतलेलं पाणी वाहून गेलं नाही’ असं लिहिता येतं. हे मात्र प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

शिवाय ओलं म्हणजे नुसतं पाणीच असतं असं नाही. पल्पच्या कारखान्यात फरशीवर आंब्याचा रस असतो, सालीचा तुकडा असतो, फरशी धुतल्यावर राहिलेला साबणाचा बुळबुळीत थर असतो. नुसत्या पाण्यापेक्षा हे जास्त दगा देतात. पांढरा टिश्यू पेपर फरशीवर दाबला, की पिवळा डाग उमटतो का, हे दिसतं. बोटाला बुळबुळीत लागतं का, तेही. पण हे सगळं पाइप मारून फरशी धुण्याआधी करायला हवं, आणि अपघात झाला की पहिली ऑर्डर सुटते ती नेमकी फरशी धुण्याची! फरशी किती निसरडी आहे, हे मोजणारं पेंड्युलमचं यंत्रही असतं. ब्रिटनमध्ये त्यावर ३६ किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर घसरण्याचा धोका कमी मानतात. मात्र हा आकडा मोजलेल्या जागेचा आणि मोजलेल्या वेळेचा. ११.२०ला तिथे काय होतं, ते यंत्र सांगत नाही.

गमबुटांची गोष्ट याहून साधी. सुपरवायझरना मावशींचे पाय उघडे दिसले, म्हणून त्यांनी ‘घातले नव्हते’ असं लिहिलं. चौकशीत टाकीवरच्या ताई म्हणाल्या, ‘‘पाय मुरगळला असेल म्हणून मीच काढून ठेवले.’’ बूट टाकीमागे सापडले, आणि दोन्हींच्या टाचेखालची नक्षी पार झिजून गुळगुळीत झालेली होती. दिसले होते ते फक्त उघडे पाय. बाकीचं वाक्य डोक्यातून आलं होतं.

‘घाईत’ हा शब्दही तसाच. बाहेर आंब्याच्या गाड्या खोळंबल्या होत्या, हे सुपरवायझरना ठाऊक होतं. त्यावरून मावशी घाईत असणार असं त्यांनी ठरवलं.

साक्ष घेताना आपण काय विचारतो, त्यावरही बरंच ठरतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना मोटार अपघाताची फिल्म दाखवली. गाड्या ‘धडकल्या’ तेव्हा वेग किती होता, असं काहींना विचारलं आणि त्याच गाड्यांचा ‘चक्काचूर’ झाला तेव्हा किती होता, असं इतर काहींना. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला. आठवड्यानंतर फुटलेल्या काचा पाहिल्या का, असं विचारल्यावर ‘चक्काचूर’वाल्या ५० जणांपैकी १६ जण हो म्हणाले, तर ‘धडक’वाल्या ५०पैकी ७. फिल्ममध्ये फुटलेल्या काचा नव्हत्याच. म्हणून ‘फरशी किती ओली होती?’ असं विचारलं, की ओलेपणा आपणच साक्षीदाराच्या पदरात टाकलेला असतो. ‘तुम्ही कुठे उभे होता? काय दिसलं, काय ऐकू आलं?’ असं विचारावं आणि एकेकाला वेगळं बसवून विचारावं. चौघं एकत्र बसली, की चहा संपेपर्यंत चौघांची मिळून एकच गोष्ट तयार होते.

एवढं केल्यावर अहवाल असा होतो : ‘क्रेट आदळल्याचा आवाज सुमारे ११.२०ला ऐकू आला. पडताना कोणी पाहिलेलं नाही. डावा पाय पुढे सटकला, असं जखमी महिला सांगते. पडल्यानंतर फरशीवर पाणी होतं. त्यापैकी आधीचं किती, हे निश्चित नाही. टाकीपासून तीन मीटरवर ओतलेलं पाणी साचून राहतं. टिश्यू पेपरवर पिवळा डाग उमटला. बुटांच्या टाचा झिजलेल्या आहेत.’ त्याखाली, वेगळ्या मथळ्याने, अंदाज : ‘साचलेल्या पाण्यात रस मिसळून फरशी निसरडी झाली असावी आणि झिजलेल्या टाचेने पकड सोडली असावी.’ यात निष्काळजीपणा कुठेच येत नाही, कारण तो कोणाला दिसलेला नाही. करण्याजोगी कामं मात्र लगेच दिसतात : फरशीचा उतार दुरुस्त करणं, क्रेट निथळायला जाळीचा स्टँड बसवणं, बूट बदलणं.

१९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३२मध्ये, फरशीवर माणूस घसरेल असं काही राहू न देण्याची जबाबदारी कारखान्यावर टाकली होती. ‘निष्काळजीपणा’ या एका शब्दाने ती अलगद मावशींच्या गळ्यात पडते, आणि पुढे नुकसानभरपाईचा प्रश्न निघाला की हाच कागद पुढे केला जातो.

तेव्हा तुमच्या खात्यात असा अपघात झाला आणि लिहून आणलेल्या जबाबावर सही मागितली, तर आधी तो पूर्ण वाचा. जे तुम्ही स्वतः पाहिलं किंवा ऐकलं नाही, त्या वाक्यावर काट मारा, शेजारी ‘मी पाहिलं नाही’ असं लिहा आणि मगच सही करा.