सर्व्हर दहा, हिशेब एक

एखादी कंपनी आपल्या ग्राहकांना एपीआय देते तेव्हा करारात एक मर्यादा लिहिलेली असते: समजा, सेकंदाला 100 विनंत्या, आणि मध्येच लोंढा आला तर एका दमात 200 पर्यंत. एपीआय चालवणारा सर्व्हर एकच असेल तर ही मर्यादा पाळणे अवघड नाही, मोजायचे सगळे त्याच्याच मेमरीत असते. पण लोड बॅलन्सरच्या मागे असे दहा सर्व्हर उभे राहिले की प्रश्न येतो, मोजायचे कुणी? पहिले सुचणारे उत्तर वाटणीचे असते. 100 भागिले 10, प्रत्येक सर्व्हरने सेकंदाला 10 विनंत्या घ्याव्यात. कागदावर हे बरोबर आहे, पण विनंत्या अशा समान वाटून येत नाहीत. ग्राहकाचा प्रोग्रॅम बहुधा एकच कनेक्शन उघडतो आणि तेच धरून ठेवतो, त्यामुळे त्याच्या साऱ्या विनंत्या एकाच सर्व्हरवर जाऊन पडतात. 100 चे पैसे मोजणाऱ्याला मग सेकंदाला 30 विनंत्या पाठवतानाही नकार मिळतो. उलट, प्रत्येक सर्व्हरला पूर्ण 100 ची मुभा द्यावी, तर दहा कनेक्शने उघडणारा हुशार ग्राहक 1000 पर्यंत जातो. शिवाय गर्दीच्या वेळी सर्व्हर दहाचे चौदा झाले की प्रत्येकाचा वाटा पुन्हा ठरवावा लागतो. आकडा एकाच जागी ठेवायला हवा, हे इथवर बहुतेकांना पटते. माझे म्हणणे त्यापुढचे आहे. नुसता आकडा एका जागी ठेवून भागत नाही, त्या आकड्यावरचे गणितही तिथेच व्हायला हवे. असे लिमिटर फसतात ते बहुधा हे दुसरे कलम विसरल्यामुळे.

आधी टोकन बकेट म्हणजे काय ते पाहू. प्रत्येक ग्राहकाच्या नावे एक बादली असते. तिच्यात जास्तीत जास्त 200 टोकन मावतात, दर सेकंदाला 100 नवे पडतात, आणि प्रत्येक विनंती एक टोकन घेऊन जाते. बादली रिकामी असेल तर विनंती परत पाठवायची. त्यासाठी एचटीटीपीमध्ये 429 हा कोड आहे, 2012 च्या आरएफसी 6585 मधला. टोकन टाकत बसणारा कुणी प्रत्यक्षात नसतो. बादलीबद्दल दोनच गोष्टी लिहून ठेवायच्या, शिल्लक किती आणि तिला शेवटचा हात कधी लागला. पुढची विनंती आली की मधला वेळ गुणिले 100, अधिक जुनी शिल्लक, पण 200 च्या वर नाही. ग्राहक लाखो असले तरी मागे एकही टायमर चालवावा लागत नाही, ही या पद्धतीची खरी मजा.

हे दोन आकडे सहसा रेडिसमध्ये ठेवतात. घोटाळा इथेच सुरू होतो. साधा प्रोग्रॅम तीन पावलांत लिहिला जातो: शिल्लक वाचा, आपल्या सर्व्हरवर हिशेब करा, नवी शिल्लक लिहा. समजा शिल्लक 50 आहे आणि एकाच क्षणी दहाही सर्व्हरवर एकेक विनंती आली. दहाही जण 50 वाचतात आणि 49 लिहितात. विनंत्या दहा सुटल्या, टोकन एकच खर्ची पडले. दिवसभर रहदारी विरळ असताना ही चूक दिसत नाही, चाचणीतही दिसत नाही. ती दिसते ऐन लोंढ्यात, म्हणजे जेव्हा मर्यादेची खरी गरज असते तेव्हा. म्हणून वाचणे, हिशेब आणि लिहिणे ही तिन्ही कामे रेडिसच्या आत, एका दमात व्हावीत. रेडिस आदेश एकामागून एक चालवते, आणि त्याला दिलेली लुआ स्क्रिप्ट संपेपर्यंत मध्ये दुसरे कुणी घुसू शकत नाही. स्क्रिप्ट एवढीशीच असते:

```lua
local b = redis.call('HMGET', KEYS[1], 'n', 'ts')
local t = redis.call('TIME')
local now = t[1] + t[2] / 1000000
local rate, cap = tonumber(ARGV[1]), tonumber(ARGV[2])
local n = tonumber(b[1]) or cap
local gap = math.max(0, now - (tonumber(b[2]) or now))
n = math.min(cap, n + gap * rate)
local ok = 0
if n >= 1 then n = n - 1; ok = 1 end
redis.call('HSET', KEYS[1], 'n', n, 'ts', now)
redis.call('EXPIRE', KEYS[1], math.ceil(2 * cap / rate))
return ok
```

यातली `TIME` ची ओळ सहज नजरेतून सुटते, पण तिच्याशिवाय बाकी सारे पाण्यात. वेळ सर्व्हरने पाठवायची म्हटली, तर दहा घड्याळे आली. समजा एकाचे घड्याळ दोन सेकंद पुढे आहे. मागच्या घड्याळाच्या सर्व्हरने विनंती हाताळली की बादलीवर जुनी वेळ लिहिली जाते, आणि लगेच पुढच्या घड्याळाच्या सर्व्हरला वाटते की दोन सेकंद उलटले. दोन गुणिले 100, म्हणजे पूर्ण बादली फुकट भरली. विनंत्या आलटूनपालटून या दोघांकडे गेल्या तर मर्यादा उरतच नाही. घड्याळ एकच हवे, आणि ते आकड्याच्या शेजारी हवे.

दुसरी खोच अपूर्णांकांची. टोकन पूर्णांकातच मोजायचे असे ठरवून कुणी बेरीज खाली उतरवली, आणि ग्राहकाची मर्यादा सेकंदाला 5 असली, तर काय होते पाहा. तो दर 100 मिलिसेकंदांनी प्रयत्न करतो. प्रत्येक वेळी मिळायचे अर्धे टोकन, ते उतरून शून्य होते आणि वेळ मात्र आत्ताची लिहिली जाते. बादली कधीच भरत नाही. ओळखायची खूण अशी की ग्राहक गप्प बसला की सगळे सुरळीत चालते आणि धडपडू लागला की एकही विनंती जात नाही. वरच्या स्क्रिप्टमध्ये शिल्लक अपूर्णांकातच ठेवली आहे ती यासाठी. शेवटच्या `EXPIRE` चा अर्थही सोपा आहे. आमच्या बादलीला भरायला दोन सेकंद पुरतात, चार सेकंद ती पडून राहिली तर ती भरलेलीच असणार, आणि भरलेली बादली व नसलेली बादली यांत हिशेबाच्या दृष्टीने फरक नाही.

यावर पहिला आक्षेप असतो वेगाचा: प्रत्येक विनंतीमागे रेडिसची एक फेरी. एकाच डेटा सेंटरमध्ये ही फेरी सहसा मिलिसेकंदाच्या आत आटोपते. ज्या एपीआयला डेटाबेसमधून उत्तर आणायला वीस मिलिसेकंद लागतात, तिथे ही कुरकुर मला पटत नाही. खरी अडचण अवाढव्य ग्राहकाची आहे. रेडिसचे क्लस्टर केले तरी एक की एकाच मशीनवर राहते, त्यामुळे एकट्या ग्राहकाचा भार वाटता येत नाही. तिथे सर्व्हरने टोकन एकेक न घेता दहा-दहाच्या जुडीने उचलावेत आणि स्वतःजवळून खर्चावेत. फेऱ्या दहापटीने घटतात. किंमत म्हणून दहा सर्व्हरांच्या खिशात मिळून 100 पर्यंत टोकन पडून राहू शकतात, म्हणजे लोंढा 200 ऐवजी 300 पर्यंत जाऊ शकतो. ही चूक आहे, पण मोजलेली चूक आहे. वाटणीच्या पद्धतीतली चूक मात्र ग्राहकाच्या कनेक्शनांवर अवलंबून असते आणि तिचा अंदाज आधी बांधता येत नाही. छोट्या मर्यादेच्या ग्राहकांना जुडी देऊ नये. सेकंदाला 5 वाल्याचे दहा टोकन एका सर्व्हरच्या खिशात अडकले तर बाकी नऊ सर्व्हर त्याला नकारच देत बसतील.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: रेडिसच बंद पडले तर? सगळ्यांना नकार द्यायचा म्हणजे रखवालदार आजारी पडला म्हणून दुकान बंद ठेवण्यासारखे. रेडिसला, समजा, वीस मिलिसेकंदांची मुदत द्यावी. तेवढ्यात उत्तर आले नाही तर विनंती सोडावी, पण अगदी मोकळी नव्हे. इथे आधी नाकारलेली वाटणी कामाला येते. प्रत्येक सर्व्हरने तात्पुरती स्वतःच्या मेमरीतली बादली वापरावी, सेकंदाला 10 च्या नव्हे तर 30–40 च्या मापाची. हिशेब काही मिनिटे ढोबळ होईल, पण मागचा डेटाबेस तगेल. अपवाद लॉगिन आणि ओटीपीचा. तिथली मर्यादा भार सांभाळण्यासाठी नसते, कुणी एकामागून एक आकडे चालवून पाहू नयेत म्हणून असते. रेडिस गप्प असताना ती विनंती अडवलेलीच बरी. कोणत्या मार्गाला कोणता नियम लागू हे मात्र आधीच लिहून ठेवावे लागते, आणि मुदत संपून सोडलेल्या विनंत्यांची मोजणी 429 च्या मोजणीपासून वेगळी ठेवावी लागते. नुसत्या 429 चाच आलेख पाहिला, तर रेडिस अर्धमेले झालेले असताना नकार घटलेले दिसतात आणि पाहणाऱ्याला वाटते की गर्दी ओसरली.